‘ला’ म्हणजे नेहमीच ‘को’ नव्हे

‘मी सोमवारी नागपूरला गेलो, मामांना भेटलो आणि त्यांच्या मुलीला पत्ता विचारला.’ हिंदी शिकणाऱ्या मराठी माणसाला हे वाक्य भाषांतरासाठी द्यावं. बहुतेक वेळा उत्तर येतं: ‘मैं सोमवार नागपुर को गया, मामा को मिला और उनके बेटी को पता पूछा.’ ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण शुद्ध हिंदी अशी आहे: ‘मैं सोमवार को नागपुर गया, मामा से मिला और उनकी बेटी से पता पूछा.’

मराठी वाक्यात ‘ला’ किंवा ‘ना’ तीनदा आलं आणि हिंदीत त्यातल्या एकाचाही ‘को’ झाला नाही. ‘को’ आला तो भलत्याच जागी, ‘सोमवारी’मधल्या ईकारासाठी. याचं मूळ शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात आहे. ‘स, ला, ते’च्या समोर ‘को’, ‘ने, शी’च्या समोर ‘से’, ‘चा, ची, चे’च्या समोर ‘का, की, के’ अशी जुळणी आपण मनात पक्की करून ठेवतो. प्रत्यक्षात कुठला प्रत्यय लागायचा, हे बऱ्याचदा क्रियापद ठरवतं, आणि दोन्ही भाषांतली क्रियापदं सारखी वागत नाहीत.

‘ला’ जिथे खरोखर ‘को’ होतो, तिथे अडचण नाही. ‘रामला पैसे दिले’ म्हणजे ‘राम को पैसे दिए’, ‘मला ताप आहे’ म्हणजे ‘मुझे बुखार है’. हा ‘मुझे’ म्हणजे ‘मुझको’च. गावाच्या नावापुढचा ‘ला’ मात्र हिंदीत सहसा गळतो: ‘पुणे जाना है’, ‘दिल्ली पहुँचे’. वार, तारीख आणि रात्र यांना उलट ‘को’ लागतो: ‘रविवार को’, ‘15 अगस्त को’, ‘रात को’. पण ‘सकाळी’ म्हणजे नुसतं ‘सुबह’, आणि ‘पाच वाजता’ म्हणजे ‘पाँच बजे’.

खरा घोळ ‘से’चा आहे. सुरीने कापणं, पुण्याहून येणं, सोमवारपासून सुरू होणं, रामशी बोलणं, रामपेक्षा उंच असणं, या सगळ्यांचं काम हिंदीत एकटा ‘से’ करतो. इथे ‘ने’पासून सांभाळावं लागतं. मराठीत ‘रामने’ आणि ‘सुरीने’ दोन्ही चालतात. हिंदीत ‘ने’ फक्त कर्त्याला लागतो, हत्याराला नाही. म्हणून ‘राम ने चाकू से आम काटा’.

याशिवाय काही क्रियापदं अशी आहेत, की मराठीत त्यांना ‘ला’ लागतो आणि हिंदीत ‘से’: ‘त्याला विचारलं’ म्हणजे ‘उससे पूछा’, ‘कुत्र्याला घाबरतो’ म्हणजे ‘कुत्ते से डरता है’. ‘सांगणे’साठी हिंदीत दोन क्रियापदं आहेत आणि दोघांची रीत वेगळी: ‘उससे कहा’, पण ‘उसे बताया’. ‘मिलना’ तर प्रत्ययाबरोबर अर्थही बदलतं. ठरवून भेटलो तर ‘मैं राम से मिला’. वाटेत अचानक गाठ पडली तर ‘मुझे राम मिला’. आपल्याकडचं ‘भेटणे’ आणि ‘मिळणे’ हिंदीत या एकाच क्रियापदात सामावतं, म्हणून ‘त्याला पुस्तक मिळालं’ हेही ‘उसे किताब मिली’ असंच होतं.

कधी ‘ला’चा चक्क ‘का’ होतो. ‘मी त्याला मदत केली’ हे हिंदीत ‘मैंने उसकी मदद की’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘मेरे दो भाई हैं’. इथे ‘मुझे’ चालत नाही.

आता ‘उनके बेटी’ या चुकीकडे येऊ. महाराष्ट्रातल्या बोलीहिंदीत ती फार ऐकू येते: ‘मेरे बहन को’, ‘उसके गाडी में’. मराठीत पुढच्या नामाला प्रत्यय लागला, की चा, ची, चे या तिघांचंही ‘च्या’ होतं: रामच्या भावाला, रामच्या बहिणीला, रामच्या घरात. हिंदीत ‘का’चा ‘के’ होतो, पण ‘की’ तशीच राहते: ‘राम के भाई को’, पण ‘राम की बहन को’. त्यामुळे ‘च्या’ आला, की पुढच्या नामाचं लिंग पाहावंच लागतं, आणि तेही हिंदीतलं. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आहे, हिंदीत ‘पुस्तक’ आणि ‘किताब’ दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून ‘रामच्या पुस्तकात’ म्हणजे ‘राम की किताब में’.

लिहिताना आणखी एक फरक दिसतो. मराठीत प्रत्यय नेहमी जोडून येतो. हिंदीत तो नामापासून सुटा लिहितात आणि सर्वनामाला जोडतात: ‘राम को’, पण ‘उसको’.

हिंदीचं नवं क्रियापद वहीत उतरवताना ते एकटं लिहू नका. ‘से मिलना’, ‘से पूछना’, ‘की मदद करना’ असं प्रत्ययासकट लिहा आणि तसंच पाठ करा.