सह्या बदलाव्यात, ही विनंती

गृहनिर्माण संस्थेची निवडणूक होते, नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात, दप्तराच्या कपाटाची किल्ली हातात येते. बँकेच्या लेखी मात्र अजून काहीच बदललेले नसते. तिच्या नोंदीत कालचेच पदाधिकारी असतात आणि चेकवर चालते ती त्यांचीच सही. नव्या सचिवाला म्हणूनच पहिल्या दिवसांत एक पत्र लिहावे लागते: आमच्या खात्यावरील अधिकृत सह्या बदलाव्यात. हे पत्र जेमतेम एका पानाचे असते, पण ते अर्धवट गेले की वॉचमनच्या पगारापासून लिफ्टच्या देखभालीपर्यंत सगळी देणी अडकतात.

या पत्रात एक पेच आहे. पत्रावर सही असते नव्या सचिवाची, आणि बँक नेमक्या त्याच माणसाला ओळखत नाही. अनोळखी माणसाने येऊन ‘यापुढे माझी सही चालवा, जुन्यांची बंद करा’ असे सांगितले, तर कोणत्याही जबाबदार अधिकाऱ्याने ते लगेच मान्य करू नये. संस्थेच्या खात्यात पन्नास-शंभर कुटुंबांचे पैसे असतात. त्यामुळे बँक पत्राच्या मजकुरापेक्षा त्याला जोडलेले कागद अधिक बारकाईने पाहते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसारही संस्थेच्या वतीने खाते चालवणारा माणूस कोण आणि त्याला तो अधिकार कोणी दिला, हे कागदावर दिसावे लागते.

हा अधिकार येतो ठरावातून. निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो, तेव्हा समितीचे सदस्य ठरतात. त्यानंतर समितीच्या पहिल्या सभेत पदाधिकारी निवडले जातात. बँकेचे व्यवहार कोणी करायचे याचा ठराव त्याच सभेत, इतिवृत्ताच्या वहीत, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह लिहून घ्यायचा असतो. पुष्कळ संस्था इथेच घाई करतात. निवडणुकीचा निकाल जोडतात आणि ठराव विसरतात, किंवा ‘नवीन समितीला बँकेचे अधिकार देण्यात येत आहेत’ एवढेच मोघम वाक्य लिहितात. त्या वाक्यावर बँकेला काहीच करता येत नाही. कोणाचे नाव काढायचे, कोणाचे घालायचे आणि किती जणांच्या सह्या लागतील, हे ठरावात स्पष्ट हवे.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, ठाण्यात ४८ सदनिकांची एक संस्था आहे. जुने अध्यक्ष आणि सचिव निवृत्त झाले, खजिनदार पुन्हा त्याच पदावर निवडून आले. पहिली सभा १४ जूनला झाली. खात्यावर तिघांपैकी कोणत्याही दोघांची संयुक्त सही चालते. या संस्थेच्या ठरावाचा गाभा असा असेल:

‘संस्थेच्या बचत खात्यावरील तसेच सर्व मुदत ठेवींवरील मावळते अध्यक्ष व मावळते सचिव यांचे सहीचे अधिकार २० जूनपासून रद्द करण्यात येत असून त्यांच्या जागी नवनिर्वाचित अध्यक्ष व सचिव यांना ते देण्यात येत आहेत. खजिनदारांचे अधिकार पूर्वीप्रमाणे कायम राहतील. अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने खाते चालवावे.’

प्रत्यक्ष ठरावात पदांबरोबर पूर्ण नावे, खाते क्रमांक आणि ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक येतील. खजिनदारांविषयीचे वाक्य अनावश्यक वाटू शकते, पण ते गाळले तर बँक विचारते, की तिसरी सही कोणाची? ‘कोणत्याही दोघांच्या’ हे शब्दही आपल्या संस्थेचे उपविधी उघडून, पडताळून मगच लिहावेत. उपविधींत सचिवाची सही सक्तीची असेल, तर ठरावाने ती सैल करता येत नाही.

नावांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ठरावात लग्नानंतरचे नाव आणि पॅनकार्डावर माहेरचे, ठरावात पूर्ण नाव आणि आधारवर नुसती आद्याक्षरे, असे झाले की अर्ज परत येतो. ठराव लिहितानाच तिघांची ओळखपत्रे समोर ठेवली तर हा हेलपाटा वाचतो.

ठरावाची खरी नक्कल संस्थेच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, पदाधिकाऱ्यांच्या सहीने द्यायची. सोबत निवडणुकीच्या निकालाची प्रत, समिती सदस्यांची यादी, नव्या स्वाक्षरीकर्त्यांचे पॅन, आधार आणि छायाचित्रे, आणि बँकेचे नमुना सहीचे कार्ड. कार्डावर सही बँकेच्या अधिकाऱ्यासमोर करणे उत्तम. घाईत केलेली सही आणि रोजची सही यांत फरक पडला, तर पुढचे पाच वर्षांतले चेक त्या एका कार्डाशी ताडले जातात.

आता सुरुवातीच्या पेचाकडे येऊ. तो सोडवण्याचा सर्वांत सरळ मार्ग मावळत्या पदाधिकाऱ्यांच्या हातात असतो. बँक ज्यांची सही ओळखते त्यांनीच नव्या सह्या साक्षांकित केल्या, पत्राच्या तळाशी ‘आमची हरकत नाही’ असे लिहून दिले, तर बँकेच्या मनात शंका उरत नाही. पदभाराच्या यादीत चेकबुके आणि पासबुक असते, त्यातच हे कामही धरायला हवे.

संबंध बिघडलेले असतील तर गोष्ट अवघड होते. महाराष्ट्रात २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्था आपली निवडणूक स्वतः घेऊ शकतात. लहान संस्थांचा त्रास त्यामुळे कमी झाला, पण निकालपत्रावर सरकारी अधिकाऱ्याची सही असेलच असे राहिले नाही. अशा वेळी मावळत्या समितीतल्या कोणी बँकेला ‘निवडणूक बेकायदा आहे’ असे एक पत्र दिले, तर बँक न्यायनिवाडा करत बसत नाही. खात्यातून पैसे काढणे थांबवते आणि उपनिबंधकांचे पत्र किंवा न्यायालयाचा आदेश मागते. बँकेची ही भूमिका संस्थेला जाचक वाटते, पण ती योग्यच आहे. शाखेतल्या अधिकाऱ्याने दोन गटांपैकी एकाची बाजू घेणे अधिक धोक्याचे. वादाची चिन्हे दिसत असतील तर निकालाची आणि पहिल्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत उपनिबंधक कार्यालयात देऊन तिची पोच आधीच घेऊन ठेवावी. दप्तरच मिळत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८० खाली दाद मागता येते.

पत्रात बहुधा सुटणारी गोष्ट मात्र वेगळीच असते, आणि ती म्हणजे वाटेत असलेले चेक. ठाण्याच्या त्याच उदाहरणात जुन्या समितीने जाता जाता तीन चेक दिले होते असे धरू: लिफ्टच्या देखभालीचा ३५,४०० रुपयांचा, टाकी साफ करणाऱ्याचा ८,००० रुपयांचा आणि इमारत दुरुस्तीच्या कंत्राटदाराला हप्त्याचा ६,००,००० रुपयांचा, तोही १० जुलै तारखेचा. पहिले दोन १२ जूनचे आहेत, पण घेणाऱ्यांनी ते अजून वटवायला टाकलेले नाहीत. २० जूनला सह्या बदलल्या आणि २५ जूनला हे चेक बँकेत आले, तर ‘सही जुळत नाही’ या शेऱ्याने ते परत जाऊ शकतात.

सही करणारा पदावरून गेला म्हणून देणे संपत नाही, कारण चेक संस्थेचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ‘लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य’ या खटल्यात हा मुद्दा तपासला. तिथे एका कंपनीने चेक दिल्यानंतर बँकेकडील अधिकृत सह्या बदलल्या होत्या आणि चेक सही न जुळल्यामुळे परतले होते. पैसे कमी पडले नव्हते म्हणून गुन्हा होत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. सही न जुळल्याने परतलेला चेकही पराक्राम्य लेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली येऊ शकतो, असा निर्णय दिला. मात्र खरोखरच पदाधिकारी बदलले असतील, तर नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत रक्कम चुकती करण्याची संधी असते. नव्या समितीने अशी नोटीस आली तर ‘ते जुन्यांचे आहे’ म्हणून बाजूला टाकू नये.

म्हणून ठाण्याच्या संस्थेच्या पत्रात आणखी एक परिच्छेद हवा: ‘२० जूनपूर्वी जुन्या सहीने दिलेल्या पुढील दोन चेकांचे पैसे कृपया द्यावेत’, आणि खाली चेक क्रमांक, तारीख, रक्कम, नाव. बँक हे मान्य करते का, ते शाखेत विचारून घ्यावे. सहा लाखांच्या चेकची गोष्ट वेगळी. त्यावरची तारीखच बदलानंतरची आहे. तो कंत्राटदाराकडून परत घेऊन नव्या सह्यांचा चेक द्यावा, यात सर्वांचेच हित आहे.

सहा लाखांच्या चेकमुळे आणखी एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या रकमांच्या चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ पद्धत सुरू झाली. चेक देणाऱ्याने त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव बँकेला आधी कळवायचे असते. ही सोय ५०,००० रुपयांपासून पुढे मिळते आणि पाच लाखांपासून पुढे बँका ती सक्तीची करू शकतात. आता खात्याला जोडलेला मोबाइल जुन्या सचिवांचाच राहिला, तर ओटीपी आणि सूचना त्यांच्याकडे जातात. कार्डावर नवी सही असूनही मोठा चेक अडतो. नेट बँकिंगचेही तसेच. सह्या बदलल्या म्हणजे जुन्या पदाधिकाऱ्याचे लॉगिन आपोआप बंद झाले असे धरून चालू नये. मोबाइल, ई-मेल आणि नेट बँकिंगचे वापरकर्ते बदलण्याची मागणी पत्रात वेगळी लिहावी, आणि ठरावातही तिचा उल्लेख हवा. मुदत ठेवी दुसऱ्या बँकेत असतील तर तिथे स्वतंत्र पत्र द्यावे लागते. हे वर्षानुवर्षे राहून जाते आणि ठेव मोडायची वेळ आली की घर सोडून गेलेल्या माजी अध्यक्षांचा शोध सुरू होतो.

एक चूक अगदी टाळायची. जुन्यांवर विश्वास नाही म्हणून आधी ‘त्यांच्या सह्या ताबडतोब बंद करा’ असे पत्र द्यायचे आणि नव्यांचे कागद नंतर जमवायचे, असे काही संस्था करतात. मधल्या दिवसांत खात्यावर एकट्या खजिनदारांची सही उरते आणि संयुक्त सहीच्या खात्यात एका सहीने काहीच होत नाही. काढणे आणि घालणे एकाच पत्रात, एकाच तारखेपासून मागावे. गैरव्यवहाराची खरीच भीती असेल तर मात्र थांबू नये. तेव्हा अडलेल्या पगारापेक्षा ठेवी महत्त्वाच्या.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि अधिकाऱ्याची सही घ्यावी. ही पोच दप्तरात राहिली पाहिजे, कारण कोणत्या तारखेपासून कोणाची जबाबदारी, हा प्रश्न लेखापरीक्षणात येतो. आणि पोच मिळाली म्हणजे बदल झाला असे नव्हे. नव्या सह्या प्रणालीत चढल्याचे बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय नवा चेक कोणाला देऊ नये.

तुमच्या संस्थेची निवडणूक गेल्या वर्षा-दोन वर्षांत झाली असेल, तर या आठवड्यात शाखेत जाऊन एवढेच विचारा: आज आमच्या खात्यावर कोणाच्या सह्या चालतात, कोणता मोबाइल नोंदवलेला आहे आणि ठेवींवर कोणाची नावे आहेत? तिन्ही उत्तरे लेखी घ्या आणि येत्या समिती सभेच्या इतिवृत्तात नोंदवा.