तिसऱ्या प्रकरणाबद्दल गाइडचं पत्र

पीएच.डी.चा पहिला पूर्ण मसुदा हाती आला की अनुभवी गाइड तो पहिल्या पानापासून वाचत नाहीत. प्रस्तावना चाळतात, निष्कर्ष बघतात आणि मागे फिरून संशोधन पद्धतीच्या प्रकरणावर थांबतात. निष्कर्षात जे म्हटलंय ते म्हणायचा हक्क तिथं कमावलेला असतो किंवा नसतो. तो नसेल, तर विद्यार्थ्याला ते ईमेलनं कळवायचं कसं?

एक कल्पित उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी एका तालुक्यातल्या महिला बचत गटांवर काम करते आहे. गटात आल्यामुळे घरातल्या निर्णयांत बाईचा वाटा वाढतो का, हा तिचा प्रश्न. तालुक्यात साधारण शंभर गट आणि बाराशे सदस्य. मसुदा सव्वादोनशे पानांचा, त्यात पद्धतीचं तिसरं प्रकरण चोवीस पानांचं. पण पहिली पंधरा पानं संशोधनाची व्याख्या, संशोधनाचे प्रकार आणि नमुना निवडीच्या पद्धती यांत गेली आहेत. कोठारींचं पुस्तक ज्यांनी हाताळलंय त्यांना तो क्रम तोंडपाठ असेल. तिनं स्वतः काय केलं, हे जेमतेम दीड पानात उरकलंय.

मॅडमच्या ईमेलची सुरुवात अशी:

‘मसुदा पूर्ण वाचला. पाचव्या प्रकरणात कर्ज कुणाच्या नावावर आणि पैसा कुणाच्या हातात, हा भाग तू फार बारकाईनं लिहिला आहेस. तो तसाच राहू दे. तिसरं प्रकरण मात्र आहे तसं समितीपुढे नेता येणार नाही. ते नव्यानं लिहावं लागेल, आणि त्यामुळे शेवटच्या प्रकरणातली दोन-तीन विधानंही बदलावी लागतील. बाकीच्या प्रकरणांना सध्या हात लावू नकोस.’

यातलं कौतुक गोड बोलण्यासाठी केलेलं नाही. कुठे हात लावायचा नाही, हे ते सांगतं; पहिल्या मसुद्यानंतर घाबरलेले विद्यार्थी नेमकं चांगलंच खोडून बसतात. आणि वाईट बातमी चौथ्याच वाक्यात येते. ‘एकूण छान झालंय, पद्धतीकडे जरा बघ’ असं लिहिलं असतं तर मुलीला ‘छान’ एवढंच ऐकू आलं असतं, आणि महिन्याभरानं प्रकरणात आणखी चार व्याख्यांची भर पडली असती.

पुढे मॅडम लिहितात: ‘पहिली पंधरा पानं काढून टाक. ती माहिती परीक्षकांना आहे. त्यांना नाही ते तुझ्या डायरीत आहे. गटांची यादी कुठून मिळाली, त्यातले गट कसे निवडले, किती जणींना विचारलं, किती जणी नको म्हणाल्या, प्रश्न कुणी विचारले आणि तेव्हा खोलीत आणखी कोण बसलं होतं, हे लिही. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीला तुझं प्रकरण वाचून तेच काम करता आलं पाहिजे.’

इथवर सगळं लेखनानं सुधारण्यासारखं आहे. पुढचा मुद्दा तसा नाही.

मसुद्यात लिहिलंय की क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या तक्त्यानुसार 291 स्त्रियांचा यादृच्छिक नमुना घेतला. 1970 साली प्रसिद्ध झालेला हा तक्ता आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत भेटतो, आणि बाराशेच्या समूहाला तो 291 हाच आकडा देतो. हिशोब बरोबर आहे. पण प्रत्यक्षात भरून आलेल्या प्रश्नावल्याही नेमक्या 291, एक कमी नाही की जास्त नाही. गावोगाव फिरून माहिती गोळा केलेल्याला हे लगेच खटकतं. कुणी शेतावर गेलेली असते, कुणी अर्ध्यात उठते, काही प्रश्नावल्या अपुऱ्या राहतात. ‘आकडा तंतोतंत जुळला कसा, ते सांग,’ असं मॅडम विचारतात. आरोप करत नाहीत, कारण उत्तर साधंही असू शकतं: 291 पुऱ्या होईपर्यंत ती विचारत राहिली. तसं असेल तर तेच लिहायचं.

खरी अडचण ‘यादृच्छिक’ या दाव्यात आहे. परिशिष्टातल्या नोंदींवरून दिसतं, की ‘उमेद’ अभियानाच्या सीआरपी ताईंनी तिला तीस गटांपर्यंत नेलं आणि प्रत्येक गटात साधारण दहाजणी भेटल्या. ताई कुठल्या गटांकडे नेणार? बैठका नियमित होतात, कर्जफेड वेळेवर होते, पाहुण्याला चहा मिळतो, अशाच. मोडकळीला आलेले गट वाटेत लागतच नाहीत. शिवाय ताई शेजारी बसल्या असताना ‘घरात निर्णय कोण घेतं?’ या प्रश्नाला बाई काय उत्तर देईल?

मॅडम लिहितात: ‘हा नमुना यादृच्छिक नाही. सोयीचा नमुना आहे. तसं स्पष्ट लिही. त्यानं प्रबंध नापास होत नाही. सोयीच्या नमुन्याला यादृच्छिक म्हटलं आणि परीक्षकांनी ते पकडलं, तर मात्र तुझ्या चांगल्या प्रकरणांवरचाही त्यांचा विश्वास जाईल.’ 2022 च्या यूजीसी नियमांनुसार प्रबंध गाइडखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यामुळे ही भीती पोकळ नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. तक्त्यातले 291 हे एकेकटीला चिठ्ठी टाकून निवडलं तर. एका गटातल्या बाया एकाच गावच्या, एकाच बँकेच्या, एकाच अध्यक्षाच्या हाताखालच्या असतात, त्यांची उत्तरंही एकमेकींसारखी येतात. हे साम्य अगदी थोडं, म्हणजे शून्य ते एक या मापावर 0.1 धरलं, तरी दर गटात दहाजणी घेतल्यावर 291 उत्तरांचं वजन साधारण 153 स्वतंत्र उत्तरांइतकं उरतं. मॅडमनी हा हिशोब ईमेलमध्ये दोन ओळींत करून दाखवला आणि सोडून दिला. त्यावर पानभर लिहिलं असतं तर मूळ मुद्दा त्याखाली दडपला असता.

शेवटी निष्कर्ष. ‘बचत गटामुळे निर्णयातला वाटा वाढला,’ असं मसुदा म्हणतो. पण गटात येण्याआधीची स्थिती कुणी मोजलेली नाही. त्याच बैठकीत बायांना ती आठवून सांगायला लावली होती. सात-आठ वर्षांपूर्वी घरात कुणाचं चालायचं याची आठवण आजच्या परिस्थितीच्या रंगात येते. गटात नसलेल्या बायांशी तुलनाही नाही. तेवढ्या वर्षांत वय वाढलं, सासूबाई थकल्या, मुलगा कमावता झाला. त्यानंही बाईचा शब्द चालू लागतो. ही उणीव कितीही चांगलं लिहिलं तरी भरून येणार नाही. म्हणून मॅडम दावा छोटा करायला सांगतात आणि वाक्यही सुचवतात: ‘नियमित चालणाऱ्या तीस गटांतल्या स्त्रियांच्या मते, गटात आल्यापासून घरच्या निर्णयांत त्यांचा सहभाग वाढला आहे.’

हे वाक्य वाचून मुलीचा चेहरा पडेल, हे खरं. पण ते खरं वाक्य आहे, आणि पाचव्या प्रकरणातल्या मुलाखतींना पेलण्यासारखं आहे.

ईमेलच्या अखेरीस ‘काही शंका असल्यास कळव’ हे ठरलेलं वाक्य नाही. त्याजागी असं आहे: ‘संपूर्ण प्रकरण आत्ता पाठवू नकोस. गट कसे निवडले आणि मुलाखती कशा घेतल्या, एवढी दोनच पानं येत्या शुक्रवारपर्यंत पाठव. भाषा सजवू नकोस. सोमवारी अकराला भेटू, येताना डायरी आण. तालुका कक्षाकडून सगळ्या गटांची यादी मिळत असेल तर चिठ्ठ्या टाकून आठ गट काढू. तिथं सीआरपी ताईंना न घेता जा आणि निर्णयांविषयीचे पाचच प्रश्न विचार. आठ गटांवरून तालुक्याचं गणित मांडता येणार नाही, पण तुझे तीस गट इतरांहून किती वेगळे आहेत, याचा अंदाज येईल. उत्तरं वेगळी आली तर तीही प्रबंधात जातील.’