सात ‘म’ आणि एक कोरा कागद

मार्केटिंगचा पेपर आठवड्यावर आलाय आणि सेवाक्षेत्राचे सात ‘पी’ डोक्यात राहत नाहीत? मराठीत सात ‘म’ करा: माल, मोल, मोक्याची जागा, मिरवणं, माणसं, मार्ग, मांडणी. पहिले चार मॅकार्थींचे, १९६० सालचे. उरलेले तीन बूम्स आणि बिटनर यांनी १९८१ मध्ये जोडले.

आता एका पानावर कोपऱ्यावरचं मिसळीचं दुकान मांडा. मिसळ हा माल, प्लेटचा दर म्हणजे मोल, भिंतीवरचा फलक म्हणजे मिरवणं. वाढणारा पोऱ्या म्हणजे माणसं, कुपन घेण्यापासून जादा रश्श्यापर्यंतचा क्रम हा मार्ग, तर पुसलेली टेबलं म्हणजे मांडणी. घोटाळा होतो तो जागेत. ‘प्लेस’ म्हणजे नुसता पत्ता नव्हे. माल गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची वाट. घरपोच पार्सलही त्यातच येतं. ‘मोक्याची जागा’ या शब्दाने इथे थोडा चकवा बसतो, म्हणून ते पानावर लाल शाईने लिहा.

सोमवारी पान केलंत, तर मंगळवारी ते न बघता कोऱ्या कागदावर उतरवा. गुरुवारी दुकान बदला, सलून घ्या. सात शब्द आठवले पण सलूनचा ‘मार्ग’ सांगता आला नाही, तर ती घोकंपट्टीच झाली. तेवढाच ‘म’ पुन्हा वाचा.