‘हबीबी’ कोणाला, ‘हबीब्ती’ कोणाला?

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे आणि कांदा आखाती देशांत जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या व्यवहारात, शिवाय दुबई, शारजा किंवा दोहा येथे नोकरी करणाऱ्या नातलगांच्या बोलण्यात एक अरबी शब्द हमखास ऐकू येतो, तो म्हणजे ‘हबीबी’. समाजमाध्यमांवरील ‘हबीबी, कम टू दुबई’ या वाक्याने तर तो घरोघरी पोहोचवला. मात्र हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आला की एक चूक वारंवार घडते आणि तिचे मूळ मराठीच्या व्याकरणात आहे.

मराठी कानाला शब्दाअखेरचा ‘ई’ स्त्रीलिंगी वाटतो. मुलगा-मुलगी, लाडका-लाडकी ही जोडी आपल्या अंगवळणी पडलेली असते. साहजिकच ‘हबीबी’ म्हणजे एखादी प्रिय स्त्री, असा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘हबीब’ म्हणजे प्रिय पुरुष. त्याला जोडलेला ‘ई’ हा लिंगाचा नव्हे, तर ‘माझा’ किंवा ‘माझी’ या अर्थाचा प्रत्यय आहे. म्हणून ‘हबीबी’ म्हणजे ‘माझ्या लाडक्या’.

प्रिय स्त्रीसाठी मूळ शब्द ‘हबीबा’. त्याला ‘ई’ जोडला की ‘हबीबाई’ होत नाही. मध्ये ‘त’ प्रकट होतो आणि ‘हबीबती’ असे रूप तयार होते. बोलताना त्याचेच ‘हबीब्ती’ होते. हा ‘त’ मराठी वाचकाला अनोळखी नाही. किंमत, दौलत, इज्जत हे शब्द फारसीमार्फत मराठीत आले, ते हाच ‘त’ घेऊन. अरबीत ते एकटे उभे असले की बोलण्यात ‘कीमा’, ‘दौला’, ‘इज्जा’ असे उच्चारले जातात. पुढे प्रत्यय लागला की लपलेला ‘त’ बाहेर येतो. ‘माझी इज्जत’ म्हणायचे तर ‘इज्जती’. ‘हबीब्ती’ची घडण तशीच आहे.

मराठी भाषकाला आणखी एक सवय आड येते. आपल्याकडे पुरुष ‘मी जातो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी जाते’ म्हणते. बोलणाऱ्याच्या लिंगानुसार रूप बदलते. ‘हबीबी’च्या बाबतीत बोलणारा कोण, याला महत्त्वच नाही. आई मुलाला ‘हबीबी’ म्हणेल, मुलीला ‘हबीब्ती’. वडीलही अगदी तसेच म्हणतील. पाहायचे ते केवळ ऐकणाऱ्याकडे. समोर मित्रांचा घोळका असेल तर बोलीभाषेत ‘हबायबी’ हे अनेकवचन वापरतात. या शब्दांआधी येणारे ‘या’ हे संबोधन मात्र कोणासाठीही बदलत नाही. ‘अरे’ आणि ‘अगं’ असा भेद तेथे नाही.

सगळेच लाडाचे शब्द असे बदलतात, असेही नाही. ‘हयाती’ हा शब्द घ्या. निवृत्तिवेतनासाठी द्यावा लागणाऱ्या ‘हयातीच्या दाखल्या’तील ‘हयात’ म्हणजे जीवन. त्यामुळे अरबीतील ‘हयाती’ म्हणजे ‘माझे जीवन’. समोर पती असो वा पत्नी, शब्द तोच राहतो, कारण तो व्यक्तीचे विशेषण नसून एका वस्तूचे नाव आहे. ‘कल्बी’ (माझे हृदय) आणि ‘रूही’ (माझा प्राण) यांनाही हाच नियम लागू पडतो. उलट ‘प्रिय’ या अर्थाचा ‘अझीझ’ बदलतो. पुरुषाला ‘अझीझी’, स्त्रीला ‘अझीझती’.

गाणी ऐकून अरबी शिकणाऱ्याचा येथे गोंधळ उडतो. अरबी प्रेमगीतांत स्त्रीला उद्देशूनही ‘हबीबी’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. तो काव्याचा संकेत होय. नवशिक्याने रोजच्या बोलण्यात ‘हबीब्ती’च योजावे, हे बरे.

रूप अचूक असले तरी प्रसंग चुकू शकतो. समजा, नाशिकचा एक निर्यातदार दुबईतील खरेदीदाराशी दूरध्वनीवर बोलत आहे. ओळख जुनी असेल तर ‘शुक्रन, हबीबी’ हे शब्द ‘धन्यवाद, मित्रा’ इतकेच सहज वाटतात. पुरुषापुरुषांत त्यात प्रणयाचा लवलेश नसतो. पुढे दूरध्वनी त्या खरेदीदाराच्या सहकारी महिलेकडे गेला आणि निर्यातदाराने व्याकरण सांभाळून ‘शुक्रन, हबीब्ती’ म्हटले, तर ती लगट ठरण्याचा संभव आहे. तेथे ‘सय्यिदती’ (बाईसाहेब) किंवा नुसते ‘शुक्रन’ शोभते. अनौपचारिक ठिकाणी ‘उख्ती’ म्हणजे ‘ताई’ चालते. स्त्रिया आपसांत मात्र ‘हबीब्ती’ मोकळेपणाने वापरतात. वरिष्ठाला पहिल्याच भेटीत ‘हबीबी’ म्हणणेही टाळावे. शिवाय वादाच्या वेळी हाच शब्द ‘हे बघ, बाबा’ अशा उपरोधिक सुरात येतो, तेव्हा तो लाड समजून हसणे अंगलट येऊ शकते.

शंका आली तर शेवटचा ‘ई’ मनातल्या मनात बाजूला काढावा. मागे ‘हबीब’ उरला तर पुरुष, ‘हबीबत’ उरले तर स्त्री.