क्रीडादिनाचा अहवाल : किती मुले उतरली, किती मैदानाबाहेर राहिली

शाळेचा वार्षिक क्रीडादिन संपला की क्रीडाशिक्षक मुख्याध्यापकांना एक लेखी अहवाल देतात. त्यात निकाल, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, झालेला खर्च, दुखापतींची नोंद आणि पुढील वर्षासाठीच्या सूचना असतात. बक्षीस समारंभ आणि शाळेचे वार्षिक वृत्त या दोन्हींसाठी अहवालातला निकालाचा भाग लागतो, म्हणून त्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. सहभागाचा भाग मात्र अनेकदा 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' एवढ्यावर आटोपतो. मैदानाची वेळ, साहित्य आणि पैसा पुढच्या वर्षी कोणासाठी वापरायचा, हे मुख्याध्यापकांना ठरवायचे असते. ते याच भागावरून ठरते.

निकाल : कोण जिंकले आणि कसे मोजले

निकालपत्रात स्पर्धेचे नाव, वयोगट किंवा इयत्ता, पहिल्या तिघांची नावे आणि त्यांची कामगिरी एवढे पुरते. कामगिरी लिहिताना मोजमापाची पद्धतही नोंदवावी लागते. हातातल्या स्टॉपवॉचवर १३.३१ सेकंद असे आकडे दिसतात, पण बटण माणसाचे बोट दाबते. त्यामुळे त्यातला शतांश विश्वासाचा नसतो. अॅथलेटिक्सच्या नियमानुसार हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशापर्यंत वाढवून लिहितात, म्हणजे १३.३१ ची नोंद १३.४ होते. एका धावपटूसाठी तीन घड्याळे असतील आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ आली, तर मधली वेळ धरतात. दोनच घड्याळे असतील तर जास्त असलेली वेळ धरतात. लांब उडीत हेच उलट होते. अंतर सेंटिमीटरच्या अपूर्णांकात आले तर ते खालच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणतात. दोघांची सर्वोत्तम उडी सारखी निघाली, तर दोघांची दुसऱ्या क्रमांकाची उडी पाहून निर्णय देतात.

'शाळेचा नवा विक्रम' असे लिहिण्याआधी धावपट्टी कशी आखली होती, हे तपासावे लागते. बहुतेक शाळांच्या मैदानावर २०० मीटरचा गोल फक्कीने आखतात. आतल्या बाजूला कठडा नसेल, तर अंतर आतल्या रेषेवर मोजायचे नसते. त्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजायचे असते, कारण धावणारा रेषेवर पाय ठेवत नाही. टेप आतल्या रेषेवरच फिरवून २०० मीटर भरवले, तर प्रत्येक फेरी सुमारे सव्वा मीटरने लांबते. ८०० मीटरच्या चार फेऱ्यांत मुले पाच मीटर जास्त धावतात. मग गेल्या वर्षीच्या वेळेशी या वर्षीची वेळ ताडून पाहता येत नाही. म्हणून निकालपत्राखाली मैदान कोणी आणि कसे मोजले याची एक ओळ असावी.

निकालाचा दुसरा उपयोग संघनिवडीसाठी होतो, आणि तिथे एक घोटाळा नेहमी होतो. शाळेतल्या स्पर्धा बहुधा इयत्तेनुसार होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या क्रमाने होणाऱ्या शालेय क्रीडा स्पर्धा मात्र १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, आणि तिथे जन्मतारीख पाहतात. आठवीतला विजेता पुढच्या हंगामात १४ वर्षांखालील गटात बसेलच असे नाही. निकालपत्रात जन्मतारखेचा एक रकाना वाढवला, तर पुढची यादी करताना दाखले पुन्हा उघडावे लागत नाहीत.

सहभाग : नोंदी वेगळ्या, मुले वेगळी

सहभागाचे आकडे बहुतेक वेळा चुकतात ते एकाच कारणाने. प्रत्येक स्पर्धेत उतरलेल्यांची संख्या घेऊन सगळ्यांची बेरीज केली जाते आणि ती बेरीज 'सहभागी विद्यार्थी' म्हणून छापली जाते. एकच मुलगा शंभर मीटर, लांब उडी आणि रिले या तिन्हींत असेल, तर तो तीनदा मोजला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाचवी ते दहावीची एक शाळा आहे आणि तिचा पट ६०० आहे. क्रीडादिनाच्या सगळ्या स्पर्धांतील उपस्थितांची बेरीज ७४२ भरते. हा आकडा पटापेक्षा मोठा असल्याने सगळी शाळा खेळली असे वाटते. आता स्पर्धांच्या याद्या बाजूला ठेवून हजेरीपट घेऊ आणि एका तरी स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक नावापुढे एकच खूण करू. खुणा भरतात ३४८. म्हणजे पटाच्या ५८ टक्के मुले खेळली आणि २५२ मुले एकाही स्पर्धेत उतरली नाहीत. पाच किंवा अधिक स्पर्धांत उतरलेली २६ मुले आहेत आणि एकट्या त्यांच्या नोंदी १४३ आहेत. बेरीज फुगली आहे ती अशा नोंदींमुळे.

याच खुणा इयत्ता आणि मुले-मुली यांनुसार वेगळ्या केल्या की खरे चित्र दिसते.

| इयत्ता | मुले : पट / सहभागी | मुली : पट / सहभागी |
|---|---|---|
| ५वी-६वी | ११० / ८८ | १०० / ७५ |
| ७वी-८वी | १०५ / ७१ | ९५ / ४६ |
| ९वी-१०वी | १०५ / ५१ | ८५ / १७ |

पाचवी-सहावीत मुलामुलींच्या सहभागात फारसा फरक नाही. दर शंभरात ८० मुले आणि ७५ मुली उतरल्या आहेत. नववी-दहावीत मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते, तर मुलींचे २० टक्क्यांवर घसरते. एकूण ५८ टक्क्यांच्या आकड्यात ही घसरण दिसत नाही, म्हणून अहवालात सरासरीबरोबर हा तक्ता द्यावाच लागतो.

मोजताना तीन पथ्ये पाळावी लागतात. प्राथमिक आणि अंतिम अशा दोन्ही फेऱ्यांत धावलेले मूल एकदाच मोजायचे. सांघिक खेळात संघ न मोजता खेळाडू मोजायचे. संचलन आणि सामूहिक कवायत यांचा आकडा वेगळा ठेवायचा, कारण त्यात सगळ्या वर्गाला उभे केलेले असते आणि तो आकडा मिसळला की सहभाग शंभर टक्क्यांच्या जवळ जातो. छेद म्हणून पट घ्यायचा की त्या दिवसाची हजेरी, हेही स्पष्ट लिहावे. त्या दिवशी गैरहजर राहणे हेही कधी कधी खेळ टाळण्याचेच रूप असते, त्यामुळे पट घेणे अधिक प्रामाणिक ठरते.

न उतरण्याची कारणे

नाव दिले आणि उतरले नाही, अशी मुले वेगळी पाहावी लागतात. वरच्या शाळेत एकूण नोंदणी ८२९ होती आणि प्रत्यक्ष उपस्थिती ७४२. म्हणजे ८७ नोंदी गळाल्या. पुकाऱ्याच्या याद्या वेळेनुसार लावून पाहिल्या, तर त्यांतल्या ४१ नोंदींच्या वेळी तेच मूल दुसऱ्या स्पर्धेत अडकलेले दिसते. लांब उडीचा पुकारा झाला तेव्हा ते २०० मीटरच्या प्राथमिक फेरीत उभे होते. हा दोष मुलाच्या उत्साहाचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि तो कागदावरच सुधारता येतो.

नववी-दहावीच्या मुलींचे उत्तर पुकाऱ्याच्या याद्यांत सापडत नाही, कारण बहुतेकींनी नावेच दिली नव्हती. इथे अंदाज लिहिण्यापेक्षा वर्गशिक्षिकांमार्फत निनावी चिठ्ठ्या घेणे बरे. 'मुलींना रस नाही' हा शेरा अनेक अहवालांत असतो, पण त्यावर मुख्याध्यापकांना काहीच करता येत नाही. चिठ्ठ्यांतून येणारी कारणे बहुधा साधी आणि ठोस असतात. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृह मैदानापासून लांब असते, पाळीच्या दिवसांत सगळ्यांसमोर एकटीने धावायला नको वाटते, शिकवणीची वेळ आड येते, मोठ्या मुलींसाठी सांघिक खेळच ठेवलेला नसतो. शिक्षकाने स्वतः पाहिलेले काय आणि मुलींनी सांगितलेले काय, हे अहवालात वेगवेगळे लिहावे.

सूचना : मंजूर करता येईल अशी

'मैदानाची सुधारणा व्हावी', 'मुलींचा सहभाग वाढवावा' या इच्छा आहेत. सूचनेत पाच गोष्टी लागतात : कोणत्या नोंदीवरून ती सुचली, नेमके काय करायचे, कोणी करायचे, केव्हापर्यंत आणि किती खर्चात. वरच्या उदाहरणातून दोन सूचना अशा निघतात.

पहिली वेळापत्रकाची. धावण्याच्या प्राथमिक फेऱ्या आदल्या दिवशी शेवटच्या दोन तासिकांत उरकाव्यात आणि एकाच गटाच्या उड्या व शर्यती एका वेळी ठेवू नयेत. याला खर्च नाही. वेळापत्रक क्रीडाशिक्षकाने पंधरा दिवस आधी लावावे. पुढच्या वर्षी गळालेल्या नोंदी पुन्हा मोजल्या की उपाय लागू पडला की नाही ते कळते.

दुसरी मोठ्या मुलींची. नववी-दहावीच्या मुलींसाठी चार हाऊसमध्ये खो-खोचे सामने घ्यावेत. नऊ खेळाडू मैदानात आणि तीन राखीव असा बारा जणींचा संघ धरला, तर चार संघांत ४८ मुली येतात. यंदा उतरलेल्या सतराही त्यांतच आल्या असे धरले, तरी ८५ पैकी निम्म्याहून अधिक मुली मैदानावर येतात. प्रत्येक संघाने इतर तिघांशी एकेक सामना खेळायचा म्हटले, तर सहा सामने होतात. एकेका डावाचे छोटे सामने ठेवले, तर एक सामना अर्ध्या तासात संपतो, म्हणून सगळे सामने क्रीडादिनाआधीच्या आठवड्यात बसतात. मैदानालगतचा एक वर्ग त्या दिवसांत मुलींना कपडे बदलण्यासाठी राखून ठेवावा. अशा खेळात कोणीही एकटी सगळ्यांसमोर उभी राहत नाही. चिठ्ठ्यांतून आलेली निदान तीन कारणे या एका सूचनेने हलकी होतात.

सूचनांचा क्रम मंजुरीच्या अधिकारानुसार लावावा. मुख्याध्यापक स्वतः करू शकतात त्या आधी, संस्थेकडून पैसा लागणाऱ्या त्यानंतर आणि शासनाकडे अर्ज करावा लागणाऱ्या शेवटी. मैदान सपाट करणे किंवा कुंपण घालणे अशा मोठ्या कामांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, आणि तिची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते. सगळ्या सूचना एकाच यादीत टाकल्या, तर मोठ्या कामाच्या मंजुरीची वाट पाहताना बिनखर्चाची कामेही मागे पडतात.

मांडणी आणि पाठपुरावा

मुख्य अहवाल दोन-तीन पानांत बसावा. त्याला दिनांक, जावक क्रमांक आणि विषय द्यावा. पहिल्या परिच्छेदात सहभागाची टक्केवारी, सर्वांत मागे राहिलेला गट आणि ज्यावर निर्णय हवा आहे त्या सूचना याव्यात. निकालपत्रे, पुकाऱ्याच्या याद्या, प्रथमोपचाराची नोंद आणि खर्चाच्या पावत्या परिशिष्टात जोडाव्यात. क्रीडादिनानंतर आठवडाभरात अहवाल दिला, तर पंचांच्या आठवणी ताज्या असतात आणि शंका मिटवता येतात. पुढच्या वर्षीच्या अहवालाच्या सुरुवातीला या वर्षीच्या प्रत्येक सूचनेपुढे 'झाली', 'अंशतः झाली' किंवा 'झाली नाही' असे लिहावे आणि त्याखाली सहभागाचा तोच तक्ता दोन्ही वर्षांच्या आकड्यांसह द्यावा.