अँटिबायोटिक जीवाणूला नेमके कुठे गाठते?

न्यूमोनियाच्या रुग्णाला डॉक्टर कधी कधी दोन अँटिबायोटिक एकत्र देतात: अमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन. दोन्ही औषधे रक्तातून शरीरभर फिरतात, तरी घाव बसतो तो जीवाणूंवर. हे कसे होते, ते आपण क्रमाने पाहू.

आधी अमॉक्सिसिलिन. न्यूमोनियाचे एक मुख्य कारण म्हणजे न्यूमोकोकस हा जीवाणू. त्याच्या आत पाण्याचा मोठा दाब असतो. पेशीचे पातळ आवरण एकट्याने तो दाब पेलू शकत नाही, म्हणून त्याच्या बाहेर एक भक्कम पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत असते. सायकलची ट्यूब टायरमुळे फुटत नाही, तसेच हे. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, कारण त्यांच्या आतला आणि बाहेरचा दाब शरीर जुळवून ठेवते.

ही भिंत साखरेच्या लांब साखळ्यांची असते. शेजारच्या साखळ्या प्रथिनांच्या लहान तुकड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हे सांधे जुळवण्याचे काम एक एन्झाइम करते. एन्झाइम म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन.

अमॉक्सिसिलिनच्या रेणूचा एक भाग त्या तुकड्याच्या टोकासारखा दिसतो. एन्झाइम त्यालाच पकडते. मात्र औषधाच्या रेणूतले अणूंचे कडे उघडून एन्झाइमला घट्ट चिकटते आणि एन्झाइम निकामी होते.

भिंत वाढवताना जीवाणू तिचे जुने सांधे सतत कापत असतो. आता कापणे चालू राहते आणि जोडणे थांबते. भिंत कमकुवत होते, आतला दाब तिला पेलवत नाही आणि जीवाणू फुटतो. म्हणून हे औषध वाढणाऱ्या जीवाणूंवर प्रभावी ठरते. निपचित पडलेले जीवाणू त्यातून वाचू शकतात.

इथे पहिली अडचण येते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूमुळेही न्यूमोनिया होतो, आणि त्याला भिंतच नसते. अमॉक्सिसिलिनचा डोस कितीही वाढवला तरी त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणून दुसरे औषध लागते.

अझिथ्रोमायसिन जीवाणूच्या आत शिरून रायबोसोमला गाठते. रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिने तयार करणारी रचना. नवे प्रथिन तिच्यातल्या एका अरुंद बोगद्यातून बाहेर येते. औषध त्या बोगद्यात अडकून बसते, त्यामुळे अनेक प्रथिने अर्धवट राहतात आणि जीवाणूची वाढ थांबते. उरलेले जीवाणू संपवण्याचे काम बऱ्याच अंशी आपली रोगप्रतिकारशक्ती करते.

रायबोसोम तर आपल्या पेशीतही असतात. मग ते कसे वाचतात? बोगद्याच्या भिंतीत २०५८ क्रमांकाच्या जागी जीवाणूंमध्ये ॲडेनिन हा घटक असतो, आपल्या रायबोसोममध्ये त्याच जागी ग्वानिन असतो. एवढ्या फरकाने औषधाला तिथे घट्ट बसता येत नाही. रायबोसोमच्या अशा बारीक रचनेचा उलगडा करणाऱ्या वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र ही सुरक्षितता संपूर्ण नाही. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी अधिक मिळतेजुळते असतात. जीवाणूंच्या रायबोसोमलाच गाठणारे लिनेझोलिडसारखे दुसरे औषध अनेक आठवडे घेतल्यास त्यांच्यावरही परिणाम होऊ शकतो. रक्तातल्या पेशी कमी होण्याचाही धोका असतो, म्हणून अशा रुग्णांची रक्ततपासणी करत राहावी लागते.

औषधे जिथे गाठतात, नेमकी तीच ठिकाणे जीवाणूही बदलतात. काही न्यूमोकोकस सांधे जुळवणाऱ्या एन्झाइमचा आकार बदलतात, मग अमॉक्सिसिलिन त्याला नीट चिकटत नाही. काही जीवाणू २०५८ या जागेवर एक लहानसा रासायनिक गट बसवतात आणि अझिथ्रोमायसिनची वाट बंद होते. हिमोफिलससारख्या जीवाणूंचे काही प्रकार अमॉक्सिसिलिनचे कडे तोडणारे एन्झाइम बनवतात. त्याला अडवण्यासाठी गोळीत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळतात. पण सांधे जुळवणाऱ्या एन्झाइमचा आकारच बदललेल्या न्यूमोकोकसपुढे या मिश्रणाचा वेगळा फायदा होत नाही.

औषध कसे काम करते आणि शरीरात किती वेळ टिकते, यावरून डोसच्या वेळाही ठरतात. अमॉक्सिसिलिनचे रक्तातले प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, आणि नवे सांधे जुळू नयेत म्हणून ते पुरेसा वेळ टिकावे लागते. त्यामुळे ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावे लागते. अझिथ्रोमायसिन पेशींमध्ये साठून अनेक दिवस राहते, म्हणून दिवसातून एकदा पुरते. अमॉक्सिसिलिनचे डोस चुकले, तर मधल्या काळात जीवाणू पुन्हा भिंत बांधू लागतात.

सर्दी किंवा फ्लू विषाणूंमुळे होतो. विषाणूंना अशी भिंत नसते आणि स्वतःचे रायबोसोमही नसतात. ते आपल्याच पेशींचे रायबोसोम वापरतात. त्यामुळे तिथे या दोन्ही औषधांना गाठण्यासाठी काही नसते. उलट आपल्या आतड्यांतल्या उपयोगी जीवाणूंना भिंतही असते आणि रायबोसोमही, म्हणून अशा वेळी गोळी घेतली तर फटका बसतो तो त्यांनाच, आणि जुलाब लागू शकतात.