तीन वर्षांचा रोखा, पावणेतीन वर्षांचे पैसे

रोखा तीन वर्षांचा असला, तरी त्यातले सगळे पैसे तिसऱ्या वर्षीच हाती येतात असे नाही. व्याज आधीपासून मिळत राहते. मग पैसे सरासरी किती काळाने परत येतात? कॅनेडियन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८मध्ये याचे जे माप मांडले, ते म्हणजे ड्युरेशन.

हजार रुपयांचा, दरवर्षी ८ टक्के व्याज देणारा रोखा घ्या. बाजारातला परतावाही ८ टक्केच धरू. पहिल्या वर्षीच्या ८० रुपयांना १.०८ने भागले की त्यांचे आजचे मूल्य ७४.०७ रुपये येते. दुसऱ्या वर्षीचे ८० रुपये १.०८ने दोनदा भागून ६८.५९ होतात, आणि शेवटचे १,०८० रुपये तीनदा भागून ८५७.३४. बेरीज बरोबर हजार, म्हणजेच रोख्याची किंमत.

आता प्रत्येक मूल्याला त्याच्या वर्षाने गुणायचे: ७४.०७, १३७.१७ आणि २,५७२.०२. बेरीज २,७८३.२६, तिला हजाराने भागले की ड्युरेशन २.७८ वर्षे.

हे ड्युरेशन पुन्हा १.०८ने भागले की मिळते मॉडिफाइड ड्युरेशन, २.५८. खरा उपयोग याचाच. बाजारातला परतावा १ टक्क्याने वाढून ९ झाला, तर किंमत सुमारे २.५८ टक्क्यांनी, म्हणजे २५.८० रुपयांनी घसरेल, असा अंदाज निघतो. प्रत्यक्ष हिशेबात घसरण २५.३१ रुपयांची असते, कारण किंमत आणि परताव्याचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र आहे. व्याजदरातला बदल मोठा असेल, तर ही तफावतही वाढते.

डेट म्युच्युअल फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन छापलेले असते. पैसे गुंतवण्यापूर्वी तो आकडा जरूर पाहा.